नटांवरचं कुंकू

माझी मोटार शाळेची, बसणार पोरी, आणि रस्ता शिरपूर ते मालेगाव, म्हणजे निव्वळ खड्ड्यांचा. त्यामुळे सकाळी चाकं तपासल्याशिवाय मी गाडी हलवत नाही, मग कोणी हसो. गाडीचे मालक हुकूमचंद शेठनी तपासणीची यादीच काचेशेजारी चिकटवली आहे. टायर थंड असतानाच हवा मोजायची. चीर, फुगवटा, रुतलेला खिळा, झिजलेली नक्षी पाहायची. रिम, व्हॉल्व्हची टोपी, स्टेपनी. शेवटी नट. घट्ट केलेल्या नटावरून रिमपर्यंत मी तांबड्या रंगाची सरळ रेघ ओढतो. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला म्हणायचं आणि पाना घ्यायचा.

त्या दिवशी सगळ्या रेघा सरळ होत्या. तरी वाटेत मागचं डावं चाक खडखडायला लागलं. पोरींना खाली उतरवून पाना लावला, तर दोन नट अगदी हलके फिरले! रेघ मात्र अखंड. मला काहीच कळेना. नट फिरतो आणि रेघ फिरत नाही, हे कसं काय? माझे डोळे गेले, की डोकं?

नट आवळून नव्या रेघा ओढल्या. दुसऱ्या दिवशी पाहतो तर ज्या चाकांना मी हातही लावला नव्हता, तिथल्याही रेघा ताज्या. आता मात्र मी चिडलो. कोण हा शहाणा? चाक निखळलं असतं तर पोरींचं काय झालं असतं?

तिसऱ्या सकाळी लवकरच गेलो. चाकाशी गोजराबाई बसलेली. गाडीत पोरींना सांभाळायला शेठनी ठेवलेली, नवरा जाऊन वर्षं लोटलेली बाई. वाटीत तेलात कालवलेलं कुंकू. एकेका नटावरून बोट ओढत होती.

"बाई! काय करून राह्यली?"

"तू कुंकू लावतो ना गाडीले? पुसट झालं होतं, वाकडं झालं होतं. म्या नीट केलं."

"अवं, ते कुंकू नोय! नट ढिला झाला का ते समजाले रेघ हाय. तू सरळ केली अन् मले कायी दिसलंच नाही. पोरी मेल्या असत्या! पूस आधी."

तिचा चेहरा उतरला. पदर नटाजवळ नेला, पण हात पुढे जाईना.

"जगदेव, घरी मले कोनी कुंकवाले हात लावू देत नाही. सुनेच्या ओटीलेबी नाही. गाडी काही म्हनत नव्हती."

माझा राग कुठल्या कुठे गेला. हिला आता मी कुंकू पुसायला लावतोय, हे ध्यानात आलं आणि मी तिच्या हातून पदर सोडवला. नट मीच फडक्याने पुसले, एकेक पान्याने आवळला, आणि रेघा या खेपेला पांढऱ्या ओढल्या.

"चाकाले हात लावू नको," मी म्हणालो, "लाव इकडं, बोनेटले."

तिने आधी पदराने बोनेट पुसलं. मग आजूबाजूला कोणी पाहत नाही ना हे पाहून बोट टेकवलं.