कॉमन कपाट

अमेरिकेत, कॅरी गावातल्या त्या टू-बेडरूम अपार्टमेंटमध्ये चौघींची लोकशाही नांदत होती. म्हणजे किराण्याचा खर्च सारखा वाटून घ्यायचा, स्वयंपाकाच्या पाळ्या सारख्या वाटून घ्यायच्या आणि सावनीने गप्प बसायचं.

हिशोब फारच न्याय्य होता. रीमा सामन मासा आणि चिकन खायची, तिचा हिस्सा तिचे बाबा भरायचे. अनया व्हीगन, तिला बदामाचं दूध लागायचं, तेही ऑरगॅनिक. अदिती कांदा-लसूण खायची नाही, म्हणून तिच्या भाजीत काजू. आणि वरणभात खाणारी सावनी, जिला विद्यापीठाची असिस्टंटशिप मिळाली नव्हती, ती लायब्ररीत पुस्तकं लावून या सगळ्याचा चौथा हिस्सा भरायची. किती उदार मुलगी!

या महिन्याचा हिस्सा बघितल्यावर मात्र तिने आकडा दोनदा तपासला. तेवढे दिले, तर भाड्याला पैसे उरत नव्हते. पुढच्या सेमिस्टरला ही खोलीच सोडावी लागली असती.

रविवारी तिने बिल टेबलावर ठेवलं. "जे चौघी खातो तेवढंच कॉमन. बाकीचं ज्याचं त्याने आणायचं."

"ओ माय गॉड, एवढा हिशोब?" रीमा म्हणाली. किराणा आणायची गाडी तिची होती, त्यामुळे मोठं मन दाखवायचा हक्कही तिचाच.

बिलावर स्केचपेन फिरू लागलं. कांदे अदितीने खोडले. तूप अनयाने. सामन तिघींनी मिळून. रीमाचा चेहरा लाल झाला.

"मग कणीकपण खोड! मी ग्लुटेन बंद केलंय."

"कधीपासून?"

"आत्तापासून!"

कॉमन कपाटात उरलं काय? तांदूळ, तूरडाळ, तेल, मीठ आणि भांडी घासायचा साबण. कणकेची पिशवी सावनीच्या फळीवर गेली. पाळीला जी असेल तिने कॉमन सामानाचंच रांधायचं, असंही ठरलं. मग काय, चार दिवस चार जणींनी चार प्रकारे वरणभातच केला! अदितीचा तर कुकरच्या तळाला चिकटला.

पाचव्या दिवशी सावनीने स्वतःपुरत्या तीन पोळ्या लाटल्या. पहिली टम्म फुगली आणि रीमा सोफ्यावरून उठली.

"सावनी, यार, एक दे ना."

"अगं, ग्लुटेन!"

"गेलं खड्ड्यात."

अनया आणि अदितीही ताटल्या घेऊन उभ्या होत्या. तिघींपैकी एकीचीही पोळी गोल व्हायची नाही. इतके महिने पाळी आली की त्या सावनीलाच "प्लीज, फक्त पोळ्या लाट" म्हणायच्या. ते काम हिशोबात कुठेच नव्हतं, नाही का!

सावनीने गॅस बंद केला. "रोज सगळ्यांच्या पोळ्या मी करते. पण मला बाकी पाळी नाही, आणि कॉमनचा माझा हिस्सा तुम्ही तिघी भरायचा. कणकेसकट."

"हे जरा जास्त होतंय," अदिती पुटपुटली.

"मग भात लाव."

अदितीने कुकरकडे पाहिलं आणि ताटली पुढे केली. रीमाने गाडीची किल्ली उचलली. "कणकेची पिशवी केवढी आणू? वीस पाउंडांची?"

"आण," सावनी म्हणाली आणि गॅस पुन्हा पेटवला. "आणि येताना तूपही. ते माझ्या फळीवर ठेव."