भिंतीतली अर्धी वीट

माझे सासरे गवंडी होते. त्यांनी बांधलेल्या भिंतीवर माशी बसली तरी ती ओळंब्यात बसायची, असं मी लोकांना सांगत आलो. थोडं वाढवून सांगतो मी, सवय आहे. पण राहत्या घराची मागची भिंत त्यांनी फ्लेमिश पद्धतीने बांधली होती, हे मात्र खरं. गल्लीतून जाणारा माणूस थांबून बघायचा. प्रत्येक थरात एक वीट लांबीने दिसते, तिच्या शेजारची फक्त तोंड दाखवते, पुन्हा एक लांब, पुन्हा एक तोंड. लांब दिसते ती स्ट्रेचर, तोंड दाखवते ती हेडर. चौकडीच्या लुगड्यासारखी भिंत.

सासऱ्यांचा मुलगा, म्हणजे माझा मेव्हणा, तोही गवंडी. उभा राहतो तोच इतका सरळ की सगळे त्याला ओळंबा म्हणतात. त्याचं शिक्षण त्या भिंतीसमोर झालं. बाप त्याला गल्लीत उभा करून सांगायचा, "वरच्या विटेचा मध्य खालच्या सांध्यावर आला पाहिजे. म्हणजे वरचं वजन खालच्या दोन विटांत वाटलं जातं, त्या दोघींचं तिघींत. सांध्यावर सांधा आला तर ती भिंत नव्हे, उतरंड. आणि हेडर कशाला? तो भिंतीच्या आरपार जातो. बाहेरचं अंग आणि आतलं अंग एकमेकांना धरून ठेवतो."

"मग इंग्लिश पद्धत?" ओळंब्याने एकदा विचारलं होतं म्हणे.

"एक अख्खा थर लांब विटांचा, एक अख्खा थर हेडरांचा. ताकदीला तीच. पण दिसायला पोलीस चौकी."

सासरे गेले. सासूबाईंचे गुडघेही त्यांच्या मागोमाग गेले. त्या वरच्या खोलीत, जिना उतरायचा म्हणजे अर्धा दिवस. ओळंब्याने ठरवलं, आईला खालच्या खोलीत आणायचं, आणि मागच्या भिंतीत गल्लीकडे दार काढायचं, म्हणजे तिला उंबऱ्यावर बसून माणसं दिसतील. मी सुतार. चौकट माझी.

सासूबाईंना हे पटलं नाही. "त्यांच्या भिंतीला हात लावू नका," एवढंच म्हणाल्या. आम्हाला वाटलं, नवऱ्याची आठवण. त्या दिवशी आम्ही हत्यारं घेऊन आलो, तर रुसून वर पलंगावर बसून राहिल्या. पलंग नेमका त्याच भिंतीला टेकलेला.

"टेकू लावू या आधी," मी म्हणालो.

"दाजी, तुम्ही लाकूड बघा." ओळंब्याने पहार उचलली. "ही काय नुसती रचलेली भिंत आहे? चांगल्या सांधेमोडीच्या भिंतीत भोक पाडलं तर वरच्या विटांचा एक त्रिकोण सैल होतो, तेवढाच. बाकीचं वजन पायऱ्यापायऱ्यांनी दोन्ही बाजूंना उतरतं. बाबांची भिंत आहे."

"तुझ्या बाबांच्या भिंतीने मला कधी चहा पाजला नाही. मला तिचा भरवसा नाही."

तो हसला आणि आतल्या बाजूने गिलाव्यासकट फोडायला लागला. पहिली वीट आली, लांबीने घातलेली. शेजारची आली, तीही लांब. तिसरीही लांब.

"हेडर कुठाय?" मी विचारलं.

"असेल. एखादा चुकला असेल."

"तुझ्या बाबांचा?"

 त्याने खालचा थर काढला, वरचा काढला. भोकातून आता माणूस वाकून गेला असता. सगळ्या लांब विटा, आणि वीटही वेगळी. बाहेरच्यापेक्षा जाड, काळपट. मी खाली वाकून पाहिलं. आतल्या विटांचे सांधे एकाखाली एक होते. गिलाव्याखाली इतकी वर्षं उतरंड उभी होती.

ओळंब्याने हात आत घातला. बाहेरचं अंग आणि आतलं अंग यांच्यामध्ये बोटभर फट, तिच्यात भुसभुशीत चुना. त्याने गल्लीकडे तोंड करून असलेला एक हेडर मागून चाचपला आणि हलवून बाहेर ओढला.

अर्धी वीट होती. एक टोक गुळगुळीत, गल्लीला दाखवायचं. दुसरं फोडलेलं, खडबडीत.

त्याने दुसरा काढला. अर्धा. तिसऱ्याला त्याने हात लावला आणि तसाच थांबला, कारण वरून काहीतरी सांडल्याचा आवाज आला. साखर सांडते तसा.

गिलाव्यावर भोकाच्या दोन्ही कडांपासून वरपर्यंत दोन रेघा उमटत होत्या. धड भिंतीला तडा गेला तर तो सांध्यासांध्याने, पायऱ्या चढत जातो, हे मलासुद्धा माहीत आहे. या रेघा दोरी लावून मारल्यासारख्या सरळ होत्या. मधला विटांचा खांब बाजूच्यांना कुठे अडकलेलाच नव्हता. तो सरळ खाली यायला निघाला होता, आणि त्याच्या डोक्यावर वरच्या खोलीच्या तुळयांची टोकं होती.

"चौकट," ओळंबा म्हणाला. आवाज अगदी हळू, जणू भिंतीला ऐकू जाऊ नये.

मी चौकटीचा एक खांब त्याला दिला. त्यावर आडवी फळी, फळीवर तुळई, खाली पाचर. पाचर गुळगुळीत फरशीवर सरकायला लागली. त्याने खाली बसून पाय बाजूच्या भिंतीला लावले आणि खांद्याने खांब रेटून धरला. "आईला खाली आणा. मला हे सोडता येत नाही."

"कसं आणू? उचलून?"

"दाजी, आणा."

जिना समोरच्या भिंतीला होता, एवढं नशीब. मी चढलो. माझ्या प्रत्येक पावलाचा हादरा त्या खांबाला लागतोय असं वाटून मी मांजरासारखा चढत होतो. वर सासूबाई भिंतीला पाठ टेकून पलंगावर, मांडीवर उसवलेली उशी आणि हातात सुई. पलंगाचे भिंतीकडचे पाय बाकीच्या दोन पायांपेक्षा खाली गेले होते. त्यांना कळलं नव्हतं.

"आई, हळूच उठा आणि माझ्याकडे या. भिंत सुटतेय."

"हो का?" त्यांनी दोरा दातांनी तोडला. "मागच्या वेळी विहिरीतून रेडा बोलला होता ना तुमच्याशी?"

"आई, ते गमतीत. हे खरं आहे."

"रेड्याच्या वेळीही तुम्ही शपथ घेतली होतीत जावईबापू. माझ्या लेकीची."

आयुष्यभर मी थापा मारल्या, त्या सगळ्या त्या खोलीत माझ्या आणि त्यांच्या मध्ये येऊन बसल्या. मी हात जोडले, तर त्या हसल्या. मी रडवेलं तोंड केलं, तर म्हणाल्या, "छान जमतंय. मला खाली नेऊन कोंडायचंय तुम्हाला, मला काय कळत नाही?" त्यांच्या मागे गिलाव्याचा एक पोपडा सुटला आणि उशीवर पडला. त्यांनी तो झटकला. "ठोकणं आता कमी कर म्हणावं त्याला."

ठोकणं केव्हाच थांबलं होतं. मी पलंगाकडे जायला पाऊल टाकलं, तशी जमीन माझ्या पायाखाली दबली आणि खालून ओळंबा कण्हला. मी पाऊल मागे घेतलं. त्यांना ओढायला गेलो असतो तर माझंही वजन त्याच तुळयांवर गेलं असतं.

खालून त्याचा आवाज आला. श्वास तुटत होता.

"आई, हेडर अर्धा आहे."

सासूबाईंच्या हातातली सुई थांबली.

"ऐकलंस का? बाबांचे हेडर अर्धे आहेत. सगळे."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. तिथे आश्चर्य नव्हतं. ते पाहून मला भिंतीपेक्षा जास्त भीती वाटली.

त्यांनी उशी बाजूला ठेवली, पलंगाची कड धरली, आणि इतक्या दिवसांत मी बघितलं नव्हतं अशा चपळाईने उभ्या राहिल्या. भिंतीपासून माझ्याकडे चालत आल्या. गुडघे कटकट वाजत होते, की तुळया, ते मला सांगता येणार नाही. जिन्यात त्यांनी माझा खांदा धरला. प्रत्येक पायरीला दोन्ही पाय टेकवायच्या, मग पुढची. खाली ओळंब्याच्या मानेवरच्या शिरा दिसत होत्या, आणि त्याच्या पायाजवळची पाचर केसाकेसाने बाहेर येत होती. आम्ही त्याच्या समोरून गेलो. त्याने मान वळवली नाही. त्याही त्याच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत, जणू बोलण्याचंही वजन पडेल.

पुढच्या दारातून अंगणात आल्यावर त्या वळल्या. "आता सोड, बाळा. उडी मार."

त्याने सोडलं. तो दारापर्यंत पोचला नव्हता तोच खांब फरशीवरून घसरला, आणि भिंतीच्या आतल्या अंगातला तो पट्टा एखादं कपाट खाली बसावं तसा सरळ खाली बसला. आवाज फार मोठा नव्हता. धूळ आमच्या अंगावरून गेली. वरून पलंग भिंतीवर आदळल्याचं ऐकू आलं. मग काहीच नाही.

ओळंबा पांढरा झाला होता, धुळीने आणि भीतीनेही. "वरची जमीन का नाही पडली?" त्याने विचारलं. विचारायची हिंमत माझ्यात नव्हती.

"तुळयांखालच्या थरात पूर्ण विटा आहेत," सासूबाई म्हणाल्या. "बाहेरची वीट बारीक, आतली जाड. थर जुळतच नव्हते, मग हेडर आरपार जाणार कसा? तेवढा एक थर जुळला, तिथे त्यांनी अख्ख्या घातल्या. बाहेरच्या चांगल्या विटा पुरणार नव्हत्या. बाकीच्या मी फोडल्या. ते बांधत होते, मी खाली बसून हातोडीने अर्ध्या करत होते. दिसायला भिंत चांगली हवी होती त्यांना."

"आणि मला बोलली नाहीस?"

"हात लावू नका म्हटलं होतं." त्या पायरीवर बसल्या. "का, ते सांगायला जीभ वळली नाही. इतकी वर्षं उभी होती. वाटलं, राहील."

त्याने हातातली अर्धी वीट उलटी करून पाहिली. ती त्याने केव्हा उचलली होती कोण जाणे. "मी प्रत्येक भिंतीत पूर्ण घातले," तो म्हणाला. "बाबा घालतात म्हणून."

"शिकवायला ते पक्के होते," सासूबाई म्हणाल्या. "घालायला विटा नव्हत्या."

मी गल्लीकडून जाऊन पाहिलं. बाहेरचं अंग अजून उभं होतं, लुगड्याच्या चौकडीसह, अर्ध्या विटेच्या लांबीइतकंच जाड. मधोमध पोट सुटलं होतं. दोन माणसं नेहमीसारखी थांबून तिच्याकडे बघत होती. मी त्यांना म्हणालो, भिंत पडतेय, मागे सरा. ते हसले. "तुमची आणखी एक," त्यातला एक म्हणाला. त्या क्षणी एक हेडर आपोआप बाहेर आला आणि त्याच्या चपलेपाशी पडला, तुटकं तोंड वर करून.

मग मात्र गल्ली रिकामी झाली. ओळंब्याने तिच्या दोन्ही तोंडांना दोऱ्या बांधल्या, मी आत नवे खांब लावले, या वेळी फरशी फोडून, पाया घेऊन. मग तो शिडी लावून वरून एकेक वीट उतरवायला लागला. अर्ध्या विटा एका ढिगात, अख्ख्या दुसऱ्यात. सासूबाई अंगणात बसून होत्या, तिकडे पाठ करून, आणि प्रत्येक वीट पडली की त्यांचे खांदे हलत होते.

तुळयांखालच्या थरापाशी तो पोचला तेव्हा संध्याकाळ होत आली होती. तिथल्या अख्ख्या विटा वरच्या वजनाने मधोमध तडकल्या होत्या. बोटाने सरकवली तरी दोन तुकडे झाले असते. त्याने पहिलीला हात लावला नाही.

"आई," त्याने वरून विचारलं, "या तू फोडल्या नव्हत्यास ना?"

"नाही."

तो शिडीवरून उतरला, त्या थराखाली आणखी एक खांब ठोकला, आणि मगच पुन्हा वर गेला.