हलकी टाकी

बाळाला दुसऱ्यांदा जुलाब झाले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न पाण्याचा विचारला. गच्चीवरची काँक्रीटची टाकी सासऱ्यांनी स्वतः बांधलेली. ते गवंडी होते. जिन्याच्या चार खांबांवर ती ठाण मांडून बसली होती. आत वाकून पाहिलं तर खडबडीत भिंतीला हिरवट बुळबुळीत थर, आणि एका भेगेतून गंजलेली सळई डोकावत होती.

"आतून नीट गिलावा करून घेतो," सासरे म्हणाले. "काँक्रीट पन्नास वर्षं टिकतं."

"टिकतं हो बाबा, पण साफ होत नाही," दीर म्हणाला. त्याचं नळसामानाचं दुकान. "आणि भेग एकदा पडली की पडली."

नवऱ्याला स्टीलची हवी होती. गुळगुळीत, शेवाळ सहज पुसता येतं. मलाही तीच आवडली. पण किंमत प्लास्टिकच्या दुपटीहून जास्त, आणि आमचं पाणी खारट. "खाऱ्या पाण्यानं जोडावर बारीक भोकं पडतात, आणि स्टील भारीतलं नसलं की लवकरच," दीर म्हणाला. "प्लास्टिक घ्या. झाकण घट्ट, आत उजेड जात नाही म्हणून शेवाळ नाही, पंधरा-वीस वर्षं बघायला नको. आणि हलकी. दोघांनी उचलून वर नेऊ."

दुकानात तिला हलकीच म्हणतात. 'एक हलकी द्या.' त्या एका शब्दावर सगळ्यांचं एकमत झालं. हलकीच आहे तर मोठी घेऊ, तीन हजार लिटरची. हलकीच आहे तर जुनी फोडायची घाई कशाला? ती राहू दे जागेवर, नवी गच्चीच्या मधोमध ठेवू.

गच्चीच्या मधोमध म्हणजे आमच्या खोलीवर. पाळण्यावर.

मी बाळाचा वजनकाटा ओट्यावर मांडला. रिकामी प्लास्टिकची बाटली ठेवली, काटा जेमतेम हलला. मग स्टीलचा तांब्या. तो थोडा जड. दोन्हींत एकेक लिटर पाणी ओतलं. दोन्ही वेळा काटा बरोब्बर एक किलोनं पुढे गेला.

"भाऊजी, टाकी हलकी आहे. पाणी हलकं नाही. तीन हजार लिटर म्हणजे तीन टन."

"वहिनी, बाळाच्या काट्यावर आता घर तोलणार का?" तो हसला. "ती जुनी धोंड रिकामीसुद्धा याहून जड असेल. तिनं काही केलंय?"

"ती खांबांवर आहे."

नवऱ्यानं मला डोळ्यांनी दटावलं. सासरे काट्याकडे पाहत राहिले. आपली टाकी फोडायची नाही, एवढंच त्यांना ऐकू आलं असावं.

सकाळी टाकी वर चढली. खाली सपाट फरशी घातली, तळ सगळीकडून टेकला, काम निगुतीनं केलं. मोटर सुरू झाली.

मी बाळाला पाजत होते. डोक्यावर पाण्याचा आवाज आधी पोकळ येत होता, मग भरीव होत गेला. बाळाचा डोळा लागला. त्याला पाळण्यात ठेवून दुपटं काढायला उठले, तर छतापर्यंत नेलेल्या भिंतीतल्या कपाटाचं दार उघडेना. काल एका बोटानं उघडत होतं. जोर लावून ओढलं. दाराची वरची कड चौकटीला घासली आणि लाकडाचा भुगा माझ्या मनगटावर पडला.

मी वर पाहिलं नाही. बाळाला उचललं आणि जिन्याकडे चालत सुटले.

"मोटर बंद करा," मी म्हणाले. दीर कपबशी घेऊन उभा होता. "भरतच आलीय वहिनी." मी बाळ त्याच्या हातात दिलं. कप फुटला. वर गेले, टाकी धुताना पाणी सोडायचा तळाचा नळ पूर्ण उघडला आणि मोटरची कळ स्वतः दाबली. पाणी गच्चीवरून पन्हाळीकडे धावू लागलं. टाकी उन्हात काळी, गोल, अगदी निरागस दिसत होती.

खाली आले तर सासरे खोलीत होते. नवरा दारात. सासऱ्यांनी केरसुणीच्या दांड्यानं छतावर ठोकलं. भिंतीजवळ टण्ण. पुढे सरकत आले, टण्ण. पाळण्यावर आले आणि आवाज डबडब आला.

"इथे तुळई नाही," ते हळूच म्हणाले. "खोली मोकळी दिसावी म्हणून काढली होती मी. माणसं उभी राहतील एवढ्याच हिशोबाचं छत आहे हे."

"मग जुनी फोडू, नवी खांबांवर नेऊ," नवरा म्हणाला. "ही रिकामी झाली की झालं ना?"

सासऱ्यांनी पुन्हा ठोकलं नाही. गिलाव्यात केसासारखी रेघ उमटली होती, पाळण्याच्या दोरीपासून खिडकीपर्यंत. वर पाणी ओसरत होतं, तरी रेघेतून पांढरी पूड पाळण्यातल्या उशीवर पडत होती.

"सूनबाई, पाळणा राहू दे," ते म्हणाले. "आत कुणी जाऊ नका."