सात दिवस म्हणजे किती

पुस्तिकेचं काम आम्रपाली रामटेकेकडे आलं ते एका फजितीमुळे. पुण्याच्या कर्वेनगरातल्या एका शिक्षण संस्थेत अकरा कॉलेजं, सहा विभाग, आणि प्रत्येक विभागाचं पत्र लिहिण्याचं आपलं आपलं मराठी. मे महिन्यात तपासणी समिती यायची होती. शैक्षणिक विभागाने पत्रात तारीख टाकली ०६/०५. इमारत विभागाच्या संगणकात महिना आधी आणि दिवस नंतर. त्यांनी ती पाच जून म्हणून नोंदवली. सहा मे रोजी समितीचे पाच जण सभागृहाच्या कुलूपबंद दारासमोर वीस मिनिटं उभे राहिले. सचिव द्वारका मॅडमनी दुसऱ्याच दिवशी हुकूम काढला: संस्थेचे सगळे कागद एका पद्धतीने लिहिले जातील, आणि ती पद्धत कशी असेल हे रामटेके लिहून काढतील.

आम्रपाली मूळची भंडाऱ्याची. हिंजवडीत सहा वर्षं सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिका लिहून झाल्यावर, रोजच्या दोन-दोन तासांच्या कंपनी बसला कंटाळून ती इथे आली होती. हे काम कसं करतात ते तिला ठाऊक होतं. तिने सहाही विभागांकडून दोन वर्षांतले दोनशे चौदा कागद मागवले: नोटिसा आणि त्यांना आलेले खुलासे, परिपत्रकं, आदेश, इतिवृत्तं. ते वाचून तिने नुसता तक्ता केला. तारीख चार तऱ्हांनी लिहिलेली. एकाच मुलाला एका पानावर विद्यार्थी, प्रशिक्षणार्थी आणि उमेदवार म्हटलेलं. ‘करावे’ हा शब्द कुठे विनंती म्हणून, कुठे सक्ती म्हणून. कोणाला दोष न देता, नावं झाकून, तिने तो तक्ता सगळ्या विभागांना पाठवला.

आस्थापना विभागाचे अधीक्षक बद्रीनाथ आगाशे यांनी तो तक्ता परत केला. वर पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘पाहिला. करमणूक झाली.’

आगाशे एकतीस वर्षं संस्थेच्या नोटिसा लिहीत होते. त्यांचं अक्षर सुंदर होतं आणि मराठी कडक. पहिल्याच बैठकीत त्यांनी चष्म्यावरून आम्रपालीकडे पाहिलं.

“आपण भंडाऱ्याच्या ना?” ते म्हणाले. “छान. म्हणजे आता पुण्याला मराठी तिकडून यायचं.”

दोघेतिघे हसले. आम्रपालीने वहीतून डोकं वर काढलं नाही. हे हसणं तिला नवीन नव्हतं. आडनाव ऐकून झालं की पुण्यातली माणसं भाषेबद्दल बोलतात, हे ती कॉलेजपासून पाहत आली होती.

“सर, मी मराठी शिकवत नाहीये,” ती म्हणाली. “सहा जणांनी लिहिलेला कागद एका संस्थेचा वाटावा, एवढंच.”

“माझा कागद संस्थेचाच वाटतो. एकतीस वर्षं वाटतोय.”

जून आणि जुलै असेच गेले. तिने नियम लिहिले ते थोडे आणि कारणांसकट. तारखेत महिना अक्षरी लिहायचा. एका गोष्टीला एकच शब्द. सक्ती असेल तिथे ‘बंधनकारक आहे’, सूचना असेल तिथे ‘करावे’, मुभा असेल तिथे ‘करू शकतील’. पुस्तिकेत एखादी गोष्ट नसेल तर कोणता शब्दकोश पाहायचा. प्रत्येक नियमाखाली संस्थेच्याच कागदातलं आधीचं वाक्य आणि सुधारलेलं वाक्य. मग तीन विभागांतल्या तिघांना एकच प्रसंग देऊन, कच्ची पुस्तिका हातात ठेवून, नोटीस लिहायला लावली. तीन नोटिसा जवळजवळ सारख्या आल्या. फरक पडला तो फक्त मुदतीत: एकाने ‘सात दिवसांत’ लिहिलं, दुसऱ्याने ‘आठवड्याभरात’, तिसऱ्याने ‘सात कामकाजाच्या दिवसांत’. म्हणून तिने चौदावा नियम घातला: मुदत दिवसांत सांगू नये, शेवटची तारीख, वार आणि वेळ लिहावी. मोजायचं काम वाचणाऱ्यावर टाकू नये.

मसुदा सगळ्यांच्या सूचनांसाठी सामाईक फाइलमध्ये ठेवला होता. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात, सोमवारी सकाळी तिने फाइल उघडली, तर चौदाव्या नियमाखाली एक नवं वाक्य बसलेलं दिसलं: ‘संस्थेच्या यापूर्वीच्या व यापुढील सर्व कागदपत्रांत दिवस म्हणजे सुट्ट्यांसह मोजलेला दिवस समजावा.’ बदल कोणी केला ते फाइलच सांगत होती. आगाशे.

ती त्यांच्या टेबलाशी गेली. “सर, ‘यापूर्वीच्या’ कशासाठी?”

“सुसंगतीसाठी. आपलाच लाडका शब्द.”

“पुस्तिका पुढच्या कागदांसाठी आहे. जुन्या कागदाचा अर्थ ती कसा ठरवणार?”

“बाई,” आगाशे शांतपणे म्हणाले, “आपण स्वल्पविराम सांभाळा. बाकीचं सांभाळायला माणसं आहेत.”

ती परत आली, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. दिवसांच्या मोजणीची एवढी निकड या माणसाला का?

उत्तर त्याच दुपारी चालत आलं. पन्नाशीचा एक माणूस दारात चपला काढून उभा होता. पॉलिटेक्निकमधला प्रयोगशाळेचा परिचर, कोंडीराम. मुळशीकडचा. मार्चपासून कामावरून कमी केलेला.

“मॅडम, तुमी कागदाच्या भाषेचं बघता म्हनं,” तो म्हणाला आणि पिशवीतून नोटीस काढली. “ह्यात सुट्टी धरा असं कुठं लिवलंय का, तेवडं बघून सांगा.”

तिने वाचलं. सामान हरवल्याबद्दलची नोटीस होती. ‘नोटीस मिळाल्यापासून सात दिवसांत खुलासा सादर करावा.’ खाली आगाश्यांची सही. कोंडीरामला ती दहा मार्चला मिळाली. मधला धुळवडीचा दिवस आणि रविवार सोडून त्याने सात दिवस मोजले आणि एकोणीसला खुलासा घेऊन गेला. मुदत सतराला संपली म्हणून तो घेतलाच नाही, आणि मुदतीत उत्तर नाही म्हणून सेवा संपवली.

“सामान तुम्ही नेलं होतं?”

“न्हाई. पन ते सांगायलाच तर गेल्तो. कागद हातात बी घेतला न्हाई त्यांनी.” त्याने नोटिशीची घडी घातली. “शुक्रवारी तक्रार समितीफुडं सुनावनी हाय.”

आता तिला सगळं दिसलं. शुक्रवारच्या आत पुस्तिकेवर सही झाली असती, तर आगाश्यांना समितीपुढे संस्थेचाच नियम ठेवता आला असता, आणि तोही तिने लिहिलेला म्हणून. कोंडीरामला तिने एवढंच सांगितलं की नोटिशीत सुट्ट्यांबद्दल काही लिहिलेलं नाही. त्याहून जास्त सांगणं तिच्या अधिकारात नव्हतं. तो गेल्यावर तिने ते दोनशे चौदा कागद पुन्हा टेबलावर घेतले.

मंगळवारी शेवटची बैठक झाली. द्वारका मॅडम मधोमध बसल्या होत्या, आणि त्यांचा चेहरा सांगत होता की अर्ध्या तासात संपवा.

आगाशे तयारीने आले होते. “पान नऊ,” त्यांनी सुरुवात केली. “बाईंनी स्वतःच नियम केला की सक्तीला ‘बंधनकारक’ म्हणायचं. आणि त्याच पानावर खाली, ‘प्रत्येक विभागाने जावक क्रमांक टाकावा.’ म्हणजे टाकला नाही तरी चालेल? ज्यांना स्वतःचे नियम दोन परिच्छेद पाळता येत नाहीत, त्यांच्या हाताखाली मी नोकरीच्या एकतिसाव्या वर्षी शिकायचं?”

आम्रपालीने पान नऊ काढलं. चूक खरी होती. तीन वेळा वाचूनही तिच्या नजरेतून सुटली होती.

“बरोबर आहे सर,” ती म्हणाली आणि सगळ्यांसमोर ओळ दुरुस्त केली. “चूक माझी. आता चौदावा नियम पाहू.”

“त्यात काय पाहायचं? दिवस म्हणजे दिवस.”

“तुमच्या विभागाने दोन वर्षांत ‘सात दिवसांत’ असं लिहून अकरा नोटिसा काढल्या.” तिने यादी पुढे सरकवली. “त्यांतले सात खुलासे आठव्या ते दहाव्या दिवशी आले. मध्ये सुट्ट्या होत्या. सातही घेतले गेले. प्रत्येकावर तुमच्या आवक शिक्क्याची तारीख आहे. मार्चमधला एकच घेतला नाही.”

आगाश्यांनी यादीला हात लावला नाही. “हे भाषेचं काम नाही. ही चौकशी आहे. त्यासाठी बाईंना कोणी नेमलं?”

“मी भाषेचंच बोलतेय. तुमच्याच कागदांत या शब्दाचे दोन अर्थ आहेत. पुढे तसं होऊ नये म्हणून नियम. पण मागे काय अर्थ होता ते पुस्तिकेने ठरवायचं म्हटलं, तर उद्या कोणीही कुठलाही जुना कागद आपल्याला हवा तसा वाचेल.”

“मॅडम,” आगाशे द्वारका मॅडमकडे वळले, “घरात पाहुणे बोलवावेत, पण त्यांच्या हाती किल्ल्या देऊ नयेत.”

द्वारका मॅडमनी यादी उचलली आणि सावकाश वाचली. त्या आम्रपालीवर खूश नव्हत्या, ते दिसत होतं. पण तक्रार समितीसमोर हे सात शिक्के बाहेर आले तर काय होईल, तेही त्यांना कळत होतं. त्यांनी लाल पेनने आगाश्यांचं वाक्य खोडलं आणि त्याजागी लिहिलं, ‘ही पुस्तिका १ सप्टेंबर २०२५ पासून पुढे निघणाऱ्या कागदपत्रांनाच लागू राहील.’ मग यादीची घडी घालून ती स्वतःच्या फाइलमध्ये ठेवली.

“रामटेके, तुम्ही हे आधी माझ्याकडे आणायला हवं होतं,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांसमोर नाही.”

शुक्रवारी समितीने कोंडीरामचा खुलासा मुदतीत आल्याचं मानलं, त्याला कामावर परत घेतलं आणि सामानाची चौकशी नव्याने सुरू करायला सांगितलं. आम्रपालीला हे शिपायाकडून कळलं. कोंडीराम तिला भेटायला आला नाही, आणि ते शहाणपणाचंच होतं.

पुस्तिका एक सप्टेंबरला निघाली. मुखपृष्ठामागे ‘संकलन: आस्थापना विभाग’ असं छापलं होतं. तिचं नाव कुठेही नव्हतं. दोनच दिवसांनी, बुधवारी, तिच्या टेबलावर लिफाफा आला. नव्या पद्धतीने निघालेली आस्थापना विभागाची ती पहिली नोटीस होती. विभागप्रमुखांच्या परवानगीशिवाय आस्थापनेच्या नोंदींची यादी तयार करून बैठकीत मांडली, याबद्दल. ‘आपला लेखी खुलासा दि. ९ सप्टेंबर २०२५, मंगळवार रोजी सायंकाळी ५ वाजेपर्यंत या कार्यालयात सादर करणे बंधनकारक आहे.’

तिने ती सवयीने तपासली. एक काना इकडचा तिकडे नव्हता.

घरी जाऊन तिने नोटीस पुन्हा वाचली. राजीनाम्याचाही विचार झाला. मग तिने खुलासा लिहिला. एक पान. कागद कोणाच्या आदेशाने मागवले, त्या हुकमाचा क्रमांक आणि तारीख. ते आगाश्यांच्याच सहीने आले, त्या पत्राचा क्रमांक आणि तारीख. विशेषण एकही नाही.

सोमवारी दुपारी ती तो घेऊन गेली. आगाश्यांनी तो उभ्या उभ्या वाचला. वाचताना त्यांची पेन्सिल दोन ठिकाणी थांबली आणि पुढे सरकली.

“सापडलं काही?” तिने विचारलं.

“भाषेत नाही,” ते म्हणाले. “बाकी शोधायला वेळ आहे. मला निवृत्तीला अजून अकरा महिने आहेत.”

“मला सव्वीस वर्षं आहेत, सर. पोच द्या.”

त्यांनी शिक्का उचलला, शाईत दाबला आणि तिच्या प्रतीवर इतका जोरात मारला की खालच्या दोन पानांवरही तो उमटला. तिने प्रत घेतली, तारीख वाचून पाहिली आणि आपल्या जागेवर येऊन ग्रंथालयाचं परिपत्रक तपासायला घेतलं.