दोन उजेडांतल्या बहिणी

सान्तियागोतल्या आपल्या छोट्या फोटो स्टुडिओत नेरेइदा कॉम्प्युटरसमोर बसून चरफडत होती. "खिडकी उघडी आणि वर पिवळा बल्बही चालू! कुणाचं डोकं हे?"

"फोटो तर तुम्हीच काढलात," मागे उभी असलेली ओदालिस म्हणाली.

फोटो ओदालिसच्या आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाचा होता. खिडकीपाशी ओदालिस निळसर, राखेसारखी दिसत होती. बल्बखाली तिची बहीण मारिसेला संत्र्यासारखी. "ही आपल्या रंगाची नाही," असं म्हणून वडिलांनी ओदालिसला लहानपणीच मावशीकडे धाडलं होतं. पन्नास वर्षांनी दोघी एका फोटोत आल्या होत्या.

नेरेइदाने अख्ख्या फोटोतला पिवळेपणा उतरवला, तर ओदालिस आणखीच निळी पडली.

"बघा, मी वेगळीच," ओदालिस हसून म्हणाली.

"गप बस गं. दोन उजेडांना एकच औषध कसं चालेल?"

नेरेइदाने केलेलं पुसलं. मग खिडकीकडचा भाग वेगळा निवडून त्यात पिवळसर ऊब भरली, बल्बकडचा निवडून त्यातला पिवळेपणा काढला. दोघींच्या कॉलरी सारख्याच पांढऱ्या झाल्या तेव्हा ती थांबली. चेहऱ्यांना तिने वेगळा हातसुद्धा लावला नव्हता.

मग तिने दोन्ही चेहरे पडद्यावर मोठे करून पाहिले. दोन्ही चेहऱ्यांवर एकच दालचिनीचा रंग होता. रंग आड येईनासा झाला तशी हनुवटीही एकच दिसू लागली, भुवयाही त्याच.

ओदालिसने चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि पडद्याला नाक टेकेल इतकी वाकली.

"बाई," तिने हळूच विचारलं, "यातली मी कुठली?"