टेकवलेली शिडी

शाळेच्या इमारतीची देखभाल माझ्याकडे आहे. शिडी कशी वापरायची, हेही सगळ्या कामगारांना मीच शिकवते. म्हणूनच हे सांगताना मान वर होत नाही.

रंगारी मामा मागच्या भिंतीला रंग देत होते. वरचा पट्टा तेवढा राहिला होता. लांब शिडी दुसऱ्या इमारतीत होती; ती आणायला दोन माणसं लागली असती. पाहुणे यायची वेळ झाली होती.

"घडीची शिडी मिटवून भिंतीला टेकवा ना मामा," मी म्हटलं. "दहा मिनिटांचं तर काम."

मामा थबकले. "बाई, ही उघडूनच वापरायची. टेकवली की तिचे पाय नीट बसत नाहीत."

"मी सांगतेय ना!"

ते चढले. एका हातात डबा, दुसऱ्यात ब्रश. शिडी धरायला हातच उरला नाही. चौथ्या पायरीवर शिडीचे पाय फरशीवरून सरकले, आणि मामा खाली आले. मनगट मोडलं.

दोन दिवसांनी मुख्याध्यापिकांनी आम्हा दोघांना बोलावलं. प्लास्टरमधला हात छातीशी धरून मामा म्हणाले, "माझाच पाय घसरला."

मी टेबलाच्या कडेकडे बघत राहिले.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "असं का सांगितलंत?"

"तुमची नोकरी आहे. माझं काय, हात जुळेल."

त्यांनी मला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी तशीच आत परतले. "मॅडम, शिडी चुकीची होती. मीच ती लावायला सांगितली. ते नको म्हणत होते."

मॅडम म्हणाल्या, "हे सगळ्यांसमोर सांगाल?"

पुढच्या आठवड्यात सांगितलं. कामगार खाली बघत होते. मामा पहिल्या बाकावर होते. मग मी लांब शिडी भिंतीला लावली. "टेकते तिथपर्यंत चार मीटर उंची, म्हणून शिडीचे पाय भिंतीपासून एक मीटर लांब. चढताना दोन पाय आणि एक हात, नाहीतर दोन हात आणि एक पाय, असे तीन कायम शिडीवर. डबा आकड्याला अडकवायचा, हातात घ्यायचा नाही."

"बाई," मामा बसल्या जागेवरून म्हणाले, "पाय अजून वीतभर बाहेर हवेत."

मी टेपने मोजलं. पाऊण मीटरच भरलं. सगळ्यांदेखत वाकून मी शिडीचे पाय बाहेर ओढले.