एकशे अठरा डॉलर जास्त

या महिन्यात पेन्शन एकशे अठरा डॉलरनं जास्त जमा झाली आणि व्हर्नाबाईंनी आकडा दोनदा ताडून पाहिला. अमेरिकेतल्या टोलीडोच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलेल्या बाईला पक्कं ठाऊक होतं, की हे पेन्शनवाले चुकून जास्त देतात आणि मग मानगूट धरून वसूल करतात. महागाईपोटी पेन्शन वाढण्याचा हा महिना नव्हता, करकपातही तेवढीच होती. त्यांनी पेन्शन कार्यालयाला फोन लावला.

"चूक नाही, मॅडम," पलीकडची मुलगी म्हणाली. "तुमच्या मागे बहिणीला पेन्शन मिळावी म्हणून तुम्ही स्वतः कमी घेत होतात. वारस आधी गेला, की तुमची पूर्ण रक्कम सुरू होते. पत्र निघालंय."

"गेला म्हणजे? लोरीन गेली?"

"तसंच कळवलंय आम्हाला, मॅडम."

"वा! पैसे आधी, आणि माणूस मेल्याचं मागाहून टपालानं!" व्हर्नाबाई कडाडल्या. आईच्या घराच्या वाटणीवरून दोघी बहिणी कित्येक वर्षं बोलत नव्हत्या. "तुम्हाला कळवलं कोणी?"

"त्यांच्या मुलीनं, मॅडम. आई सांगून गेली होती म्हणे, आधी मावशीच्या पेन्शनवाल्यांना कळव, तिचे पैसे उगाच कापले जाऊ नयेत."

व्हर्नाबाईंनी पेन्सिल उचलली.

"त्या पोरीचा नंबर द्या."

"नियमात बसत नाही, मॅडम."

"घाला चुलीत नियम! मग तिला एवढं तरी कळवा, मावशीचा नंबर अजून तोच आहे म्हणावं."